वर्तुळातून विमानाचा पंख

विमानाचा पंख आडवा कापला तर त्या छेदाचा आकार कसा दिसतो, हे तुम्ही चित्रात पाहिले असेल. पुढे गोलसर नाक आणि मागे निमुळती होत गेलेली धार. असा आकार काढायला कसबी चित्रकाराची गरज नाही. एक वर्तुळ, आलेख कागद आणि w = z + 1/z हे छोटे सूत्र एवढे पुरते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की (१८४७-१९२१) यांच्या नावाने हे रूपांतरण ओळखले जाते.

सूत्रातील z ही संमिश्र संख्या आहे. अकरावीत ती भेटेपर्यंत थांबायला नको. z म्हणजे कागदावरील (x, y) हा बिंदू समजा. r² = x² + y² धरले, तर नवा बिंदू असा मिळतो :

X = x(1 + 1/r²), Y = y(1 − 1/r²)

प्रथम, केंद्र आरंभबिंदूवर आणि त्रिज्या १ असलेले वर्तुळ घेऊ. त्याच्या प्रत्येक बिंदूसाठी r² = १. म्हणून Y सर्वत्र शून्य आणि X = 2x. अख्खे वर्तुळ चेपून −२ पासून २ पर्यंतची एक सपाट रेषा झाली! हा झाला जाडी नसलेला पंख.

आता वर्तुळ किंचित सरकवू. केंद्र (−०.१, ०) वर आणि त्रिज्या १.१. हे वर्तुळ (१, ०) या बिंदूतून जाते, हे ध्यानात ठेवा. केंद्रापाशी दर ३० अंशांवरचा बिंदू घेऊन वरच्या अर्ध्या भागाचे गणित केले, तर पुढील कोष्टक मिळते.

| कोन | X | Y |
|---|---|---|
| ०° | २.०० | ० |
| ३०° | १.६८ | ०.०२ |
| ६०° | ०.८६ | ०.०९ |
| ९०° | −०.१८ | ०.२० |
| १२०° | −१.१४ | ०.२४ |
| १५०° | −१.८० | ०.१६ |
| १८०° | −२.०३ | ० |

खालचा अर्धा भाग याचेच आरशातील प्रतिबिंब आहे. बिंदू जोडा. डावीकडे गोल नाक, सर्वांत जास्त जाडी नाकाच्या बाजूला आणि उजवीकडे तीक्ष्ण धार, असा सममित पंख तुमच्यासमोर उभा राहील. नाकापासून धारेपर्यंतची लांबी, म्हणजे पंखाची जीवा, सुमारे ४.०३ एकके भरते.

ही धार कोठून आली? (१, ०) पासून h एवढ्या लहान अंतरावरचा बिंदू घ्या. 1/(1 + h) म्हणजे जवळजवळ 1 − h + h². त्यात 1 + h मिळवले की h नाहीसा होतो आणि 2 + h² उरते. संमिश्र संख्येचा वर्ग केला की तिचा कोन दुप्पट होतो. वर्तुळावर या बिंदूपाशी बाहेरच्या बाजूला १८० अंशांचा कोन होता, त्याचे आता ३६० अंश झाले. म्हणजे रेषा उलटी वळून स्वतःलाच येऊन भिडली. हीच आपली धार.

वर्तुळ (१, ०) मधून जाणे किती महत्त्वाचे आहे, ते चुकवून पाहा. केंद्र तेच ठेवून त्रिज्या १ घ्या. आता ३० अंशांवरच्या बिंदूसाठी Y = −०.१० येतो. वरच्या भागाचा बिंदू खाली गेला! आकृतीची रेषा स्वतःलाच छेदते आणि पंखाऐवजी इंग्रजी आठाचा आकडा निघतो. तुमची आकृती अशी आली, तर त्रिज्या पुन्हा मोजा.

पण एवढा खटाटोप कशासाठी? वर्तुळाभोवती, म्हणजे लांब दंडगोलाभोवती, आदर्श प्रवाही कसा वाहतो याचे गणित सोपे आहे. आदर्श प्रवाही म्हणजे ज्याला चिकटपणा नाही आणि जो दाबला जात नाही असा. आपले सूत्र प्रवाहरेषांना लावले, की पंखाभोवतीच्या प्रवाहरेषा आयत्या मिळतात. पंखावरील वेग काढायचा असेल, तर वर्तुळावरील वेगाला त्या जागी सूत्राने केलेल्या ताणाने, म्हणजे |1 − 1/z²| ने, भागायचे.

येथेच अडचण उभी राहते. वारा १० मीटर प्रतिसेकंद वेगाने येतो आहे आणि पंखाचे नाक ६ अंश वर उचललेले आहे, असे समजा. गणितात आपण पंख आडवाच ठेवून वारा ६ अंश तिरपा, खालून वर जाणारा घेऊ. वर्तुळाच्या मागच्या बाजूला प्रवाह जेथे थबकतो, तो निश्चल बिंदू मग अक्षाच्या ६ अंश वर येतो. (१, ०) वर मात्र वेग असतो 2 × 10 × sin 6°, म्हणजे सुमारे २.१ मीटर प्रतिसेकंद. या बिंदूपाशी ताण शून्य आहे आणि शून्याने भागायचे म्हणजे वेग अनंत! धारेच्या अगदी जवळ, h = ०.००१ घेतला, तरी वेग सुमारे ५०० पट, म्हणजे १००० मीटर प्रतिसेकंदाहून जास्त होतो. ध्वनीचा वेगदेखील हवेत सुमारे ३४० आहे. दहाच्या वाऱ्यात हे कसे घडावे? शिवाय या प्रवाहाने पंखाला वर उचलणारे बल शून्यच येते.

खऱ्या हवेला थोडा चिकटपणा असतो. त्यामुळे ती धारेला असा वळसा घालू शकत नाही. वरून आणि खालून आलेली हवा धारेवरून सरळ निघून जाते. आपल्या गणितात हे आणायचे, तर वर्तुळाभोवती फिरणारा एक प्रवाह मिळवावा लागतो. त्याला अभिसरण म्हणतात. ते इतकेच घ्यायचे, की निश्चल बिंदू ६ अंश खाली सरकून नेमका (१, ०) वर यावा. मग तेथे शून्य भागिले शून्य असे होते आणि धारेवरचा वेग सुमारे ९ मीटर प्रतिसेकंद असा समंजस निघतो. ही अट जर्मन गणितज्ञ कुट्टा यांच्या नावाने ओळखली जाते.

अभिसरण Γ = 4πUR sin α या सूत्राने मिळते आणि पंखाच्या दर मीटर लांबीवरील उत्थापक बल असते L = ρUΓ. एक एकक म्हणजे २५ सेंटिमीटर धरू. मग जीवा सुमारे १ मीटर आणि R = ०.२७५ मीटर. U = १० आणि sin 6° = ०.१०४५ घालून Γ येतो ३.६१. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर L = 1.2 × 10 × 3.61, म्हणजे सुमारे ४३ न्यूटन. साडेचार किलोंच्या आसपासचे वजन पंखाचा एक मीटर तुकडा पेलतो. वारा दुप्पट वेगाने आला, तर बल चौपट होते. सूत्रात घालून पडताळून पाहा.

या गणितावर कोठपर्यंत विसंबावे? कोन लहान असेपर्यंत उत्थापक बलाचे उत्तर खऱ्याच्या बरेच जवळ येते. पण हवेचा रोध मात्र ते शून्यच सांगते, कारण चिकटपणा आपण सोडून दिला आहे. कोन वाढवत नेला तर सूत्रातले बल वाढतच राहते. खऱ्या पंखावर मात्र साधारण पंधरा अंशांच्या आसपास हवा वरच्या पृष्ठभागापासून सुटते, तेथे भोवरे माजतात आणि बल एकाएकी घसरते. सूत्राला याची गंधवार्ताही नसते. ज्या चिकटपणामुळे अभिसरण किती हे ठरले, तोच चिकटपणा मोठ्या कोनाला हे गणित मोडतो.

आता केंद्र (−०.१, ०.१) वर घ्या, त्रिज्या अशी निवडा की वर्तुळ (१, ०) मधूनच जाईल. ती किती येते आणि पंख कोणत्या बाजूला बाक घेतो, ते स्वतः काढून पाहा.