पाठ 14 : मालकाचे कर्तव्य आणि कामगाराचा हक्क

कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 1948 साली कारखाने अधिनियम झाला. आता त्याच्या जागी 2020 सालची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. या संहितेत मालकाने काय करावे हे सांगितले आहे. कामगाराने काय मागावे आणि काय पाळावे हेही सांगितले आहे. पुढील गोष्ट वाचा. मग प्रश्न सोडवा.

समजा, एका गावात कापसाची जिनिंग आहे. तिथे विजेवर यंत्रे चालतात. पंचवीस माणसे कामाला आहेत. एका यंत्राचा पट्टा मोठ्या चाकावरून फिरतो. पट्ट्याला लोखंडी जाळी होती. तेल घालताना जाळी काढली, ती परत बसवलीच नाही. बाया त्याच वाटेने कापसाच्या पाट्या नेतात. एके दिवशी सखूबाईचा पदर पट्ट्याजवळ उडाला. रामाने तिला मागे ओढले, म्हणून ती वाचली. रामा मालकाकडे गेला. मालक म्हणाले, "आजवर कुणाला काही झालं नाही. उगाच घाबरतोस. जा, कामाला लाग."

प्रश्न 1. इथे मालकाचे कर्तव्य कोणते? कामगाराचा हक्क कोणता?

उत्तर : कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. म्हणून जाळी बसवून घेणे हे त्याचे काम आहे. कुणी मागो वा न मागो, ते त्याने केलेच पाहिजे. धोक्याची माहिती विचारणे आणि बंदोबस्त कमी असेल तर तसे सांगणे हा कामगाराचा हक्क आहे. रामा गप्प बसला असता, तरी मालकाचे कर्तव्य सुटले नसते.

प्रश्न 2. मालकाला धोका पटला नाही. मग विषय संपला काय?

उत्तर : नाही. जीव जाईल किंवा जबर इजा होईल, अशी रास्त भीती वाटली तर कामगाराने मालकाला सांगावे. त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही कळवावे. मालकाला पटले तर त्याने लगेच उपाय करावा आणि निरीक्षकाला तसे कळवावे. पटले नाही, तरी त्याने ते प्रकरण ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवलेच पाहिजे. धोका आहे की नाही, याचा शेवटचा निर्णय निरीक्षक देतो. तो मालक देत नाही आणि कामगारही देत नाही. मालकाने रामाला नुसते परत पाठवले, इथेच ते चुकले.

प्रश्न 3. मालक म्हणाले, "जाळी बसवतो. पण खर्च तुमच्या मजुरीतून कापीन." हे चालेल काय?

उत्तर : चालणार नाही. सुरक्षिततेसाठी जे केले किंवा दिले, त्याचा पैसा कामगाराकडून घेता येत नाही.

प्रश्न 4. समजा, जाळी रामानेच काढून ठेवली होती. मग?

उत्तर : मग रामाही दोषी ठरतो. सुरक्षिततेसाठी बसवलेली वस्तू मुद्दाम काढू नये, मोडू नये, हा नियम कामगारालाही आहे. स्वतःची आणि शेजारच्याची काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे. तरीही मालक मोकळा होत नाही. जाळी जागेवर आहे की नाही, हे पाहणे त्याच्याकडेच राहते.

प्रश्न 5. धोका दिसला तर सांगणे हा हक्क आहे की कर्तव्य?

उत्तर : दोन्ही. कायद्याने सांगण्याचा हक्क दिला आहे. धोका दिसताच कळवावे, असेही कामगाराला बजावले आहे. इथे हक्क आणि कर्तव्य एकच झाले.

आता रामाने काय करावे? तोंडी सांगितलेले मागाहून कुणी नाकबूल करील. म्हणून त्याने चिठ्ठी लिहावी. ती अशी :

"मालक यांस, आज यंत्र नंबर 3 च्या पट्ट्याला जाळी नाही. बायांची वाट तिथूनच आहे. पदर अडकून जीव जाईल. जाळी लगेच बसवावी. — रामा."

चिठ्ठीवर तारीख घालावी. तिच्या तीन प्रती कराव्या. एक मालकाला द्यावी, एक निरीक्षकाला पाठवावी, एक आपल्याजवळ ठेवावी. मालकाला दिली तेव्हा आपल्या प्रतीवर पोचेची सही घ्यावी.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असतील, तिथे ही संहिता लागू होते. घरच्या चार माणसांच्या गुऱ्हाळाला ती लागू होत नाही. पट्टा मात्र तिथेही तसाच ओढतो.

स्वाध्याय

1. पुढील वाक्यांपुढे "मालक", "कामगार" किंवा "दोघे" असे लिहा :
(अ) जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे.
(आ) धोक्याची माहिती विचारणे.
(इ) सुरक्षिततेची वस्तू मुद्दाम न मोडणे.

2. तुमच्या कामाच्या जागी एखादा धोका आहे काय? रामासारखी चार ओळींची चिठ्ठी लिहा. यंत्र कोणते, उणीव कोणती आणि इजा कशी होईल, हे तिच्यात आलेच पाहिजे.

उत्तरे : (अ) मालक. (आ) कामगार. (इ) दोघे.