ॲडव्हान्स पाठवण्यापूर्वी

बदलापूर



होमस्टेच्या बनावट वेबसाइटवर फोटो अनेकदा खरे असतात आणि पत्ताही बहुधा खराच असतो. खोटा असतो तो फोन नंबर आणि पैसे जाण्याचं खातं. त्यामुळे पडताळणी याच दोन गोष्टींची करावी लागते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांना इशारा दिला, त्यात गुगलवरच्या जाहिरातींचाही उल्लेख होता. शोधात सर्वांत वर दिसणं म्हणजे खरेपणा नव्हे.

समजा, बदलापूरच्या एका कुटुंबाला अलिबागजवळ नागावला दोन रात्री राहायचं आहे. वेबसाइट आठ हजार भाडं सांगते आणि निम्मे आधी मागते. अशा वेळी त्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून काहीच कळत नाही, कारण तो उचलणारा तिचाच माणूस असतो. नंबर दुसरीकडून मिळवावा लागतो. गुगल मॅपवर जागा सापडते, पण तिथल्या माहितीत बदल सुचवण्याची सोय कुणालाही असते, त्यामुळे तिथला नंबरही बदललेला असू शकतो. जास्त भरवशाचे असतात पर्यटकांनी टाकलेले जुने फोटो. फाटकावरची पाटी मोठी करून पाहिली की रंगवलेला नंबर वाचता येतो. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या फोटोंत तोच नंबर असेल, तर तो मालकाचा समजायला हरकत नाही. लँडलाइन असेल तर आणखी बरं: उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचा कोड ०२५१, तसा अलिबागचा ०२१४१.

त्या नंबरवर बोलताना वेबसाइटचं नाव आपण सांगू नये. 'तुमचं बुकिंग कुठून होतं, पैसे कोणाच्या नावावर जातात?' एवढंच विचारून उत्तर ऐकावं. नाव सांगितलं की मिळणारं नुसतं 'हो, ती आमचीच' हे उत्तर कामाचं नाही. मग यूपीआयवर पैसे भरताना पिन टाकण्याआधी दिसणारं नाव फोनवर कळलेल्या नावाशी जुळवावं. घरगुती होमस्टेचं खातं पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर असणं स्वाभाविक आहे, पण ते नाव मालकाने फोनवर आधी सांगितलेलं असावं. फोन लागलाच नाही, तर पैसे थांबवावेत. 'शेवटची खोली उरली आहे' हे पैसे लगेच पाठवण्याचं कारण होऊ शकत नाही.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि वेबसाइटचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते. त्यामुळे आधी हा फोन, पोलीस ठाण्याची फेरी त्यानंतर.

— काका