गाडीवाटेचा काँक्रीट स्लॅब : फायबर घालावे की लोखंडी जाळी?

घरापुढच्या किंवा गोदामापुढच्या गाडीवाटेचे काम घेणाऱ्या ठेकेदारांना हल्ली मालक हमखास विचारतो, "जाळी कशाला? पुडीतले फायबर टाका, स्वस्तात काम होईल." दुकानदारही तेच सांगतो. यात किती तथ्य आहे ते आपण एका कामाचा हिशेब घालून पाहू.

समजा, वाट ३ मीटर रुंद व १० मीटर लांब आहे आणि स्लॅब ५ इंची, म्हणजे १२५ मि.मी. जाडीचा आहे. काँक्रीट पावणेचार घनमीटर लागेल. घनमीटरला ७ गोणी सिमेंट धरले, तर सुमारे २७ गोणी होतात. बारीक पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टर फायबर साधारणपणे गोणीमागे १२५ ग्रॅम घालतात, म्हणजे अंदाजे ३.४ किलो झाले. किलोला ४०० रुपये धरले तर खर्च १,३५० रुपये.

आता जाळी. ८ मि.मी. सळई दोन्ही बाजूंनी २०० मि.मी. अंतरावर बांधली, तर चौरस मीटरला ४ किलो वजन बसते. तूट धरून १२५ किलो लागेल. ६० रुपये दराने ७,५०० आणि बांधणी, तार व घोड्या यांचे १,२५० धरून ८,७५० रुपये झाले. दर गावोगावी वेगळे असतात, तेव्हा वाचकांनी आपापले दर घालावेत. फरक मात्र मोठाच राहील.

पण दोन्ही वस्तूंचे काम एक नाही आणि फसगत होते ती इथेच. काँक्रीट ओतल्यावर पहिल्या काही तासांत ऊन-वाऱ्याने वरचे पाणी उडते. माल अजून कच्चा असतो आणि त्यावर बारीक, तिरप्या चिरा पडतात. फायबर आवरते ते या चिरांना. पुढे काही आठवड्यांनी स्लॅब वाळून आकसतो आणि आरपार तडा जातो, तेव्हा या बारीक तंतूंत त्याला धरून ठेवण्याची ताकद नसते. जाळीचे उलट आहे. ती तडा थांबवत नाही, पण पडलेला तडा रुंदावू देत नाही आणि दोन्ही कडा एका पातळीत ठेवते. जाड मॅक्रो फायबर किंवा स्टील फायबर तडा काही प्रमाणात धरतात. मात्र ते घनमीटरला काही किलो, स्टीलचे तर वीस-तीस किलो लागतात, त्यामुळे पुडीचा स्वस्तपणा तिथे उरत नाही.

जाळीचा पैसाही बऱ्याच कामांत वाया जातो. सळया जमिनीवर पसरतात, मजूर त्यावरून चालतात आणि "ओतताना आकड्याने वर ओढू" असे म्हणतात. ती वर येत नाही. तळाशी पडलेली जाळी वरच्या तड्याला निरुपयोगी असते. आमच्या मते अशा जाळीचे बिल लावणे म्हणजे मालकाला न मिळालेल्या मालाचे पैसे मागणे होय. जाळी वरच्या पृष्ठापासून सुमारे ५० मि.मी. खाली हवी. म्हणून ६५ मि.मी. उंचीच्या घोड्या मीटर-मीटरवर ठेवाव्यात आणि ओतण्यापूर्वी त्यावर उभे राहून पाहावे.

फायबरमधली चूक वेगळीच. फायबर पडले की माल घट्ट दिसतो, मग मजूर पाणी वाढवतो. जादा पाण्याने स्लॅब अधिक आकसतो आणि तडे वाढतात. पाणी न वाढवता मिक्सर दोन-तीन मिनिटे जास्त फिरवावा आणि तंतू मोकळे करून टाकावेत, नाहीतर त्यांचे गोळे होतात.

काहीही घातले तरी सांधे चुकत नाहीत. या जाडीला तीन-साडेतीन मीटरवर सांधा हवा, म्हणजे आपल्या वाटेचे तीन तुकडे होतील. काप जाडीच्या चौथा हिस्सा, ३० मि.मी. खोल, काँक्रीट कडा न तुटण्याइतके घट्ट झाल्यावर त्याच दिवशी किंवा रात्री घ्यावा. उन्हाळ्यात उशीर झाला, तर स्लॅब स्वतःच आपली रेघ पाडतो.

जांभ्याची घट्ट जमीन आणि फक्त मोटारीची ये-जा असेल, तर फायबर व वेळेवर कापलेले सांधे पुरतात. वाचलेल्या ७,४०० रुपयांतून खाली सहा इंच मुरूम-खडी दाबून घ्यावी. त्याला दोनेक ब्रास माल लागेल. भराव किंवा काळी माती असेल, भरलेला टेम्पो फिरणार असेल, तर जाळी टाळू नये आणि जाडीही ६ इंच करावी. कारण भार पेलण्याचे काम जाडीचे व पायाचे आहे.

जुन्या स्लॅबवर तडा दिसला, तर त्यावर आडवी पट्टी ठेवून पाहावी. एक बाजू खाली गेली असेल तर जमीन खचली आहे, आणि तिथे नुसते फायबर किंवा जाळी बदलून चालणार नाही, खालचा भरावच उकरून पुन्हा दाबावा लागेल.