मोहरी आधी, जिरं नंतर : फोडणीच्या अर्ध्या मिनिटाचा पाठ



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोलापूरजवळच्या आमच्या छोट्या शाळेत दुपारच्या सुट्टीत जळका वास पसरला. पहिली ते चौथीची 80 मुलं ताटं घेऊन बसली होती. पोषण आहाराच्या प्रमाणाप्रमाणे प्राथमिकच्या एका मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, म्हणजे त्या दिवशी पातेल्यात 8 किलो तांदूळ आणि 1 किलो 600 ग्रॅम डाळ होती. मुलांनी दोन-चार घास खाल्ले आणि ताटं पुढे सरकवली. दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, कडू लागतंय." मी चाखून पाहिली. भात नीट शिजला होता, डाळ मऊ होती, मीठही बरोबर होतं. पण खिचडी खरंच कडू होती. आमच्याकडची कितीतरी मुलं सकाळी नुसता चहा पिऊन येतात, त्यामुळे त्या दुपारी ती उपाशीच राहिली.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "बाई, घरी माझी फोडणी कधीच करपत न्हाई. हितं काय हुतंय कळंना बगा. गॅस तर बंद केला हुता की!"

मला या वाक्यात एक पूर्ण पाठ दिसला. तीच बाई, तीच मोहरी, तेच जिरं. घरी करपत नाही आणि शाळेत करपतं, तेही गॅस बंद केल्यावर. असं का व्हावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी घरीच करून पाहिलं. लोखंडी कढल्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 मिली रिफाइंड तेल घेतलं आणि गॅस मध्यम ठेवला. तेल तापलं की नाही हे बघायला मोहरीचा एकच दाणा टाकला. दाणा तळाशी गप्प बसला तर तेल अजून गार आहे. त्याच्याभोवती बारीक बुडबुडे जमून दोन-तीन सेकंदांत तो फुटला तर तेल तयार आहे. आणि टाकल्या टाकल्या काळा पडला तर तेल जास्त तापलंय. कढलं खाली उतरवून थोडं थांबायचं. हा एक दाणा कोणत्याही घड्याळापेक्षा जास्त कामाचा आहे, कारण गॅस, भांडं आणि तेल बदललं की सेकंद बदलतात, दाण्याचं वागणं मात्र बदलत नाही.

मग अर्धा लहान चमचा मोहरी घातली. पाच-सहा सेकंदांत पहिली तडतड ऐकू आली, मग एकदम जोर धरला, आणि 25-30 सेकंदांनी आवाज विरळ झाला. तिथे जिरं घातलं. जिरं फुटत नाही, ते फेसाळतं. सात-आठ सेकंदांत ते थोडं फुललं आणि एक छटा गडद झालं, घमघमाट सुटला. गॅस बंद करून लगेच फोडणी वरणावर ओतली. झालं!

मग मुद्दाम दुसरी फोडणी बिघडवली. जिरं घातल्यावर काहीच न करता मोजत बसले. दहाव्या सेकंदाला छान वास, विसाव्याला जिरं चॉकलेटी आणि वास उग्र, तिसाव्याच्या आसपास काळं. गार झाल्यावर एक दाणा चावला, तर कालच्या खिचडीचीच चव. हे आकडे माझ्या गॅसचे आणि माझ्या कढल्याचे आहेत, तुमच्याकडे थोडे वेगळे येतील. पण मोहरीला लागणारा वेळ आणि जिऱ्याला लागणारा वेळ यांत तिप्पट-चौपट फरक आहे, हे तुमच्याकडेही दिसेल.

हा फरक कुठून येतो, ते मुलांना समजावायला सोलापुरात फार लांब जावं लागत नाही. ज्वारीच्या लाह्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. दाण्याच्या आत थोडं पाणी असतं, ते तापून त्याची वाफ होते, बाहेरचं कवच तिला कोंडून धरतं आणि शेवटी ताण असह्य झाला की दाणा फुटतो. मोहरीचंही तसंच. ती लाहीसारखी पांढरी फुलत नाही, एवढंच. दाणा गोल आणि बंद, म्हणून आत उष्णता पोचायला आणि वाफ साठायला वेळ लागतो. फोडणी या शब्दातच हे फोडणं आहे.

जिरं मात्र बंद डबी नाही. ते लांबट, चपटं, अंगावर रेघा असलेलं फळ आहे आणि त्याचं सुगंधी तेल त्या रेघांच्या लगतच बारीक नळ्यांत असतं. उष्णतेला तिथे पोचायला क्षणभर पुरतो. वास लगेच सुटतो, पण करपणंही तितक्याच लवकर होतं. म्हणून दोन्ही एकदम टाकली की एकाचं तरी नुकसान ठरलेलं: मोहरी फुटेपर्यंत थांबलात तर जिरं काळं होतं, जिऱ्यासाठी घाई केलीत तर मोहरी कच्ची राहते.

कच्ची मोहरी चवीला वाईट का, हाही मुलांचा आवडता प्रश्न. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा झणका थेट नाकात जातो. दाणा चिरडून पाणी लागलं की आतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतं आणि तो तिखट पदार्थ तयार करतं. कडकडीत तेलात मात्र ते विकरच नष्ट होतं. म्हणून नीट तडतडलेली मोहरी झणझणीत लागत नाही, खमंग लागते. न फुटलेला दाणा दाताखाली आला तर कडवट लागतो. एकाच डब्यातली मोहरी, पण पाण्यात फेसली तर एक चव आणि तेलात फोडली तर दुसरी.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. घरी 15 मिली तेल होतं. शाळेत एका मुलाला 5 ग्रॅम तेल धरलं तर 80 मुलांचं 400 ग्रॅम, म्हणजे जवळपास अर्धा लिटर होतं. घरी कढलं हातात धरून फोडणी वरणात ओतता येते. वरणातल्या पाण्यामुळे ती त्याच क्षणी थंडावते. शाळेत जाड बुडाच्या पातेल्यात खाली फोडणी होते आणि बाकी सगळं तिच्यावर पडतं. अर्धा लिटर तेल आणि ते पातेलं तापायला वेळ लागतो, तसा निवायलाही वेळ लागतो. गॅस बंद केला म्हणजे नवीन उष्णता येणं थांबलं. तेलात आधीच साठलेली उष्णता कुठेच गेलेली नसते.

मी मावशींना त्या दिवशीचा क्रम विचारला. त्यांनी तेल तापवलं, घाईत मोहरी-जिरं एकदमच टाकलं, तडतड ऐकू आली म्हणून गॅस बंद केला आणि मग राहिलेला कांदा चिरायला बसल्या. कांद्याला दोन-तीन मिनिटं लागली असतील. माझ्या कढल्यात जे जिरं अर्ध्या मिनिटात काळं झालं, ते तिथे गरम तेलात तेवढा वेळ पडून होतं. मग 8 किलो तांदळात ते काळं तेल मिसळलं. आणि एकदा करपलेली फोडणी पाणी, मीठ, गूळ काहीही घालून सुधारत नाही. ती ओतून द्यायची आणि नवीन करायची. 400 ग्रॅम तेल गेल्याचं वाईट वाटतं, पण तांदूळ तरी वाचतो.

आणखी एक गैरसमज आमच्याकडे सापडला. "तेलाला धूर आला की मोहरी टाकायची" असं मावशींच्या सासूबाई शिकवायच्या. त्यांच्या काळात घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल असायचं. घाण्याचं तेल रिफाइंडच्या मानाने खूप लवकर धुरावतं, म्हणून ती खूण त्या तेलाला चालून जायची. आजचं रिफाइंड तेल साधारण 220 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर धूर देतं. फोडणीला 160 ते 180 अंश पुरे. म्हणजे रिफाइंड तेलाच्या धुराची वाट पाहिलीत, तर जिऱ्याला करपवणारं तापमान केव्हाच मागे पडलेलं असतं. तेल बदललं, खूण मात्र जुनीच राहिली. एक दाणा टाकून बघण्याची खूण दोन्ही तेलांना लागू पडते.

आता आमच्या शाळेत क्रम असा आहे. तेल गॅसवर चढवण्याआधी कांदा चिरून परातीत तयार असतो, तांदूळ-डाळ धुऊन निथळत ठेवलेली असते. दाणा टाकून बघायचा, मग मोहरी. तडतड विरळ झाली की गॅस बंद, आणि त्यानंतर जिरं. मावशी मोठ्याने दहापर्यंत मोजतात आणि अकराव्याला कांदा आत. कांदा इथे ब्रेकचं काम करतो. त्यात बहुतेक पाणीच असतं, त्या पाण्याची वाफ होताना तेलातली उष्णता खेचली जाते आणि जिरं जिथल्या तिथे थांबतं. मग गॅस पुन्हा लावून कांदा परतायचा. हळद, तिखट, कांदा-लसूण मसाला कांद्यानंतरच. ही पूड असल्याने नुसत्या गरम तेलात दोन-तीन सेकंदांतच जळते. कांदा एकदम ओतू नका, कडेने थोडा थोडा सोडा, नाहीतर तेल उसळतं. ओला डाव तर तेलाजवळ आणूच नका.

वर्गात हे करायचं असेल तर शेगडीजवळ फक्त मोठ्या माणसाने थांबावं, मुलं चार हात लांब, आणि हाताशी कढलं पूर्ण झाकेल असं झाकण. तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच नाही. गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. मुलांना डोळे मिटायला सांगा. पहिली तडतड ऐकू आली की हात वर, आवाज विरळ झाला की हात खाली. एक मुलगा घड्याळ बघून दोन्ही वेळा फळ्यावर लिहील. मग तेल दुप्पट घेऊन तेच पुन्हा करा, पण त्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या: पहिल्या दाण्याला वेळ जास्त लागेल की कमी? आमच्या चौथीच्या वर्गात अर्ध्या मुलांनी 'कमी' लिहिलं होतं, जास्त तेल म्हणजे जास्त गरम असं म्हणून. तेल तापायलाच किती जास्त वेळ लागला, ते त्यांनी स्वतः मोजलं.

शेवटी तीन वाट्यांत जिरं ठेवा: दहा सेकंदांचं, वीस सेकंदांचं आणि तीस सेकंदांचं. गार झाल्यावर आधी वास घ्यायला द्या, नंतर एकेक दाणा चाखायला. त्या दुसरीतल्या मुलीने तिसऱ्या वाटीतला दाणा तोंडात टाकला आणि लगेच म्हणाली, "हीच ती खिचडी!"