जमिनीच्या स्थित्यंतराचा ताळेबंद

महाराष्ट्रातील वनाच्छादन २०१९ च्या वनस्थिती अहवालात सुमारे ५०,७७८ चौरस किलोमीटर नोंदले गेले होते. २०२१ च्या अहवालात ते ५०,७९८ चौरस किलोमीटर भरले. दोन्ही आकडे डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेचे आहेत. त्यांतील फरक अवघा २० चौरस किलोमीटरांचा आहे, आणि तो पाहून राज्यातील वने जशीच्या तशी राहिली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणासही होईल. परंतु एखाद्या दुकानाच्या गल्ल्यात सकाळी व सायंकाळी सारखीच रक्कम निघाली, म्हणून दिवसभरात देवघेव झालीच नाही असे कोणी म्हणत नाही. किती आले, किती गेले आणि कोणाकडे गेले, हे पाहावयाचे तर खातेवहीच उघडावी लागते. जमिनीच्या बाबतीत ही खातेवही म्हणजे बदल-सारणी होय. वन सर्वेक्षणाच्या अहवालांतही प्रत्येक राज्यासाठी अशी सारणी दिलेली असते; मात्र एकूण आकड्याच्या चर्चेत तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही.

सारणी तयार करण्याची रीत सोपी आहे. एकाच प्रदेशाचे दोन निरनिराळ्या वर्षांचे भू-आच्छादन नकाशे घ्यावयाचे. दोन्ही नकाशे सारख्याच मापाच्या लहान चौकोनांत विभागलेले असतात; या चौकोनांना पिक्सेल म्हणतात. एक नकाशा दुसऱ्यावर तंतोतंत बसवून प्रत्येक चौकोनाला दोन प्रश्न विचारावयाचे : पूर्वी येथे काय होते, आणि आता काय आहे? उत्तरांच्या जोड्या मोजून त्यांचे क्षेत्रफळ मांडले की सारणी पुरी झाली. हे काम संगणक काही क्षणांत करतो. खरे कष्ट आहेत ते त्याआधीच्या तयारीत आणि नंतरच्या वाचनात.

पुढील उदाहरणातील तालुका कल्पित आहे व आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील, १,००० चौरस किलोमीटर क्षेत्राचा हा तालुका आहे. नकाशे २००५-०६ व २०१५-१६ या वर्षांचे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशभराचे भूवापर नकाशे याच वर्षांसाठी १ : ५०,००० या प्रमाणावर तयार केले होते, आपले नकाशेही त्याच धर्तीचे मानावेत. आडव्या ओळीत २००५-०६ ची स्थिती आहे, उभ्या स्तंभात २०१५-१६ ची. आकडे चौरस किलोमीटरांत आहेत.

| २००५-०६ ↓ / २०१५-१६ → | शेती | वन | पडीक व झुडपी | पाणी | वस्ती | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| शेती | ५४० | २ | ३४ | ६ | १८ | ६०० |
| वन | १२ | १५८ | २८ | २ | ० | २०० |
| पडीक व झुडपी | ४५ | ३८ | ५२ | २ | ३ | १४० |
| पाणी | ५ | ० | १ | २४ | ० | ३० |
| वस्ती | २ | ० | ० | ० | २८ | ३० |
| एकूण | ६०४ | १९८ | ११५ | ३४ | ४९ | १,००० |

प्रथम शेवटचा स्तंभ व शेवटची ओळ पाहावी. पूर्वी वन २०० होते, आता १९८ आहे; म्हणजे दहा वर्षांत २ चौरस किलोमीटरांची घट. आता वनाची आडवी ओळ वाचावी. पूर्वीच्या २०० पैकी १५८ वनच राहिले. उरलेल्या ४२ पैकी २८ ची पडीक व झुडपी जमीन झाली, १२ वर नांगर फिरला आणि २ पाण्याखाली गेले. त्यानंतर वनाचा उभा स्तंभ खाली वाचत जावे : ३८ चौरस किलोमीटर पडीक जमिनीवर नवे वन दिसते आणि २ शेतीतून आले आहे. गेले ४२, आले ४०. ज्याला आपण २ चौरस किलोमीटरांची घट म्हणत होतो, त्याच्या पोटात ८२ चौरस किलोमीटरांची उलाढाल दडलेली होती. शिवाय गेलेले वन आणि आलेले वन एकाच जातीचे असते असे नाही. जुने मिश्र जंगल गेले आणि माळावर गिरिपुष्पाची लागवड आली, तरी खात्यात जमा-खर्च सारखाच दिसणार.

शेतीचे खाते याहून बोलके आहे. शेती ६०० वरून ६०४ झाली, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिली. परंतु तिने १८ चौरस किलोमीटर वस्तीला दिले आणि पडीक व वन मिळून ५७ घेतले. घरे बहुधा गावाजवळच्या, पाण्याच्या सोयीच्या, सपाट जमिनीवर उठतात. नवी शेती मात्र उताराच्या, हलक्या मातीच्या जमिनीवर सरकते. क्षेत्र तेवढेच राहून कस उतरला असण्याचा हा संभव एकूण आकड्यातून कधीच दिसला नसता. मृदसंधारणाची कामे कोठे घ्यावीत हे ठरविणाऱ्यास ४५ व १२ हे दोन आकडे, आणि ते नकाशावर नेमके कोठे पडतात ही माहिती, ६०४ या आकड्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

कर्णावरील आकडे, म्हणजे ५४०, १५८, ५२, २४ व २८, न बदललेली जमीन दाखवितात. त्यांची बेरीज ८०२ होते. उरलेले १९८ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, बदललेले दिसते. सारणी वाचणाऱ्याने येथेच थांबून एक अवघड प्रश्न स्वतःला विचारावयास हवा : हा सारा बदल जमिनीवर झाला, की कागदावर?

कोणताही नकाशा शंभर टक्के अचूक नसतो. दोन्ही नकाशे ९० टक्के अचूक आहेत असे मानले, आणि त्यांतील चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरले, तर दोन्ही ठिकाणी बरोबर असलेली जमीन ९० टक्क्यांच्या ९० टक्के, म्हणजे ८१ टक्के उरते. उरलेल्या १९ टक्क्यांत निदान एका नकाशात चूक आहे, आणि तेथे खोटा बदल दिसू शकतो. आपल्या सारणीतील बदल १९.८ टक्के आहे! प्रत्यक्षात हिशेब इतका निराशाजनक नसतो, कारण जी जमीन ओळखावयास कठीण ती दोन्ही वर्षी सारखीच चुकीची ओळखली जाते आणि अशा चुका कर्णावर जाऊन बसतात. तरीही ९० टक्के अचूकतेचा नकाशा हा चांगला नकाशा मानला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे सारणीतील प्रत्येक घराकडे संशयाने पाहण्याचे महत्त्व कळते.

काही घरे स्वतःच कबुली देतात. वस्तीची शेती झाल्याचे २ चौरस किलोमीटर पाहा. धरणात बुडालेली किंवा उठविलेली गावे सोडली, तर वस्ती मोडून तेथे पेरणी होण्याचे प्रकार विरळाच. पूर्वीच्या ३० पैकी २ म्हणजे सुमारे ७ टक्के वस्ती अशी 'नाहीशी' झाली असेल, तर ती बहुधा कोणत्यातरी एका नकाशात चुकीची रंगविली गेली आहे. असंभव बदलांची ही घरे म्हणजे चुकीचे मापच होत, आणि अनुभवी वाचक प्रथम तेथेच बोट ठेवतो.

शेतीतून पडीक झालेल्या ३४ चौरस किलोमीटरांचा प्रकार वेगळा आहे. २०१५-१६ हे महाराष्ट्रात लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळाचे वर्ष होते. त्या वर्षी न पेरलेली शेते उपग्रहाच्या चित्रात उघडी दिसणार. त्यांना 'चालू पड' समजून शेतीत ठेवावयाचे, की पडीक म्हणावयाचे? पहिल्या नकाशाने एक पद्धत पाळली आणि दुसऱ्याने दुसरी, तर शेतकऱ्याने जमीन सोडलेली नसतानाही सारणी तिला सोडलेली दाखवील. म्हणून दोन्ही नकाशांतील वर्गांच्या व्याख्या आधी जुळवून घ्याव्या लागतात. पाण्यातून शेती झालेले ५ चौरस किलोमीटरही याच जातीचे असू शकतात. उजनीसारख्या जलाशयाचे पाणी ओसरले की काठच्या गाळपेर जमिनीवर पिके उभी राहतात; पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. एक चित्र ऑक्टोबरचे व दुसरे मे महिन्याचे असेल, तर ऋतूचा फेरा दहा वर्षांचा बदल म्हणून नोंदला जाईल.

वन आणि झुडपी जमीन यांमधील देवघेवीबाबत सर्वांत अधिक सावधगिरी हवी. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता १० टक्के वा अधिक असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कोणाच्या मालकीची आहे वा तिचा उपयोग काय, हे पाहिले जात नाही. त्यामुळे कोकणातील काजूची वा आंब्याची बागही त्यात मोडते. ९ टक्क्यांची ११ टक्के झाली की झुडपाचे वन होते. पानझडी जंगलाचे चित्र मार्चमध्ये घेतले तर ते विरळ दिसते. म्हणूनच ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ वनांच्या नकाशासाठी अधिक योग्य मानतात.

आणखी एक दोष नकाशे एकमेकांवर बसविताना शिरतो. या कामासाठी वापरल्या गेलेल्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रातील चौकोनाची बाजू २३.५ मीटर असते. नकाशा एकच चौकोन सरकला आणि तालुक्यात वनाची ४०० किलोमीटर लांबीची सीमा त्या सरकण्यास आडवी येत असेल, तर सुमारे ९.४ चौरस किलोमीटर खोटा बदल निर्माण होतो. ही चूक ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. बदललेले चौकोन नकाशावर रंगवून पाहावेत. प्रत्येक तळ्याच्या पश्चिम काठाला 'घट' आणि पूर्व काठाला 'वाढ' अशा बारीक पट्ट्या दिसल्या, तर तळी नव्हे, नकाशा सरकला आहे. खरा बदल असा शिस्तीत वागत नाही.

संशय घेतल्यावर पडताळणी आलीच. वनाचे पडीक झालेल्या २८ चौरस किलोमीटरांतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ५० ठिकाणे निवडावीत, दोन्ही वर्षांची स्पष्ट चित्रे पाहावीत व शक्य तेथे प्रत्यक्ष जाऊन यावे. समजा, ३० ठिकाणी बदल खरा निघाला. मग २८ ऐवजी १६.८ चौरस किलोमीटर हा अंदाज धरावा. परंतु केवळ बदललेली घरे तपासून भागत नाही. न बदललेल्या ५४० चौरस किलोमीटर शेतीतून १०० ठिकाणे पाहिली आणि त्यांतील केवळ दोन ठिकाणी घरे उठलेली आढळली, तरी सारणीने न दाखविलेली १०.८ चौरस किलोमीटर नवी वस्ती तेथे दडली आहे असा अर्थ होतो. सारणीत नोंदलेल्या १८ च्या तुलनेत ही रक्कम लहान नाही. हा अंदाजही दोनच ठिकाणांवर उभा असल्याने ढोबळ आहे. तो पक्का करावयाचा तर अधिक ठिकाणे पाहावी लागतील.

सर्व शुद्धी झाल्यावरही सारणी फक्त दोन टोके पाहते. २००५ साली वन असलेला, मध्यंतरी तोडला गेलेला आणि २०१५ पर्यंत पुन्हा झाडोऱ्याने भरलेला उतार कर्णावरच्या १५८ मध्ये निवांत बसलेला असतो. त्याचा पत्ता लागण्यासाठी त्याच मालिकेतील २०११-१२ चा तिसरा नकाशा मध्ये घालून एकाऐवजी दोन सारण्या मांडाव्या लागतात.