सीईटीच्या गणितासाठी कॅल्क्युलसची चार आठवड्यांची उजळणी



एमएचटी-सीईटीच्या गणितात ५० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डाच्या पेपरसारखी पायऱ्यांना गुण देण्याची सोय इथे नाही. त्यामुळे उजळणीत नुसते 'गणित येतं का?' हे बघून भागत नाही. पद्धत किती लवकर सुचते, तेही बघावे लागते.

पहिला आठवडा डिफरन्शिएशनला द्या. सूत्रे रोज न बघता लिहून काढायची आणि चेन रूल हातात बसवायचा. इथे कच्चे राहिले तर पुढे इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन सुचतच नाही. दुसऱ्या आठवड्यात डेरिव्हेटिव्हचे उपयोग आणि इनडेफिनिट इंटिग्रेशन घ्या. तिसऱ्यात डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ आणि डिफरन्शियल इक्वेशन. चौथ्यात नवे काही नको; एक दिवसाआड घड्याळ लावून पूर्ण पेपर आणि मधल्या दिवशी त्यातल्या चुका. दुसऱ्या आठवड्यापासून मागच्या धड्यांची दहा मिसळलेली गणिते रोज हवीतच, नाहीतर पुढचे पाठ आणि मागचे सपाट होते.

चुकांच्या वहीत प्रत्येक गणितापुढे एकच खूण करा: पद्धत सुचली नाही, आकडेमोड चुकली, की वेळ जास्त लागला. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. पद्धत सुचत नसेल तर त्या प्रकाराची पाच-सहा गणिते एकापाठोपाठ सोडवा. आकडेमोड चुकत असेल तर पायऱ्या गाळू नका. वेळ जात असेल तर छोटा मार्ग शोधा.

तिसऱ्या आठवड्यातले हे उदाहरण बघा:

I = ∫₀^(π/2) sin x / (sin x + cos x) dx

x च्या जागी π/2 − x ठेवले की sin चा cos होतो आणि छेद तोच राहतो. दोन्ही रूपांची बेरीज केली की 2I = ∫₀^(π/2) 1 dx = π/2, म्हणून I = π/4. अर्ध्या मिनिटाचे काम!

आता मर्यादा π/6 ते π/3 करून द्या. मर्यादांची बेरीज π/2 च येते, म्हणून तीच युक्ती चालते आणि उत्तर π/12 येते. मग 0 ते π/3 द्या. इथे x च्या जागी π/3 − x येतो, sin चा cos होत नाही आणि युक्ती अडते. तरीही मुलाने धडाधड π/6 लिहिले, तर त्याने उत्तराचा साचा पाठ केला आहे, नियम नाही, असे समजा. त्याला आधी मर्यादांची बेरीज करायला लावा, मगच पेन चालवू द्या.

पालकांनी गणित तपासायची गरज नाही. वहीतल्या खुणा आठवड्याला मोजा. 'पद्धत सुचली नाही' ही खूण तिसऱ्या आठवड्याअखेर कमी झाली नसेल, तर चौथ्यात पेपरांची संख्या कमी करून त्या धड्याला दोन दिवस जास्त द्या.