आडनाव नसलेली मोडी नोंद

प्रश्न: आजोबांचा जन्मदाखला नाही. हवेली तहसील कार्यालयात मोडीतली जन्मनोंद मिळाली, पण तिच्यात आडनाव नाही. कुणबी दाखल्यासाठी ती चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: ही नोंद बहुधा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली असावी. तिथे बापाचं नाव आणि जात मिळते, आडनाव पुष्कळदा नसतं. म्हणून एकट्या नोंदीवर विसंबू नका. त्याच गावचे जुने वारस फेरफार काढा. मयत आणि त्याची मुलं त्यात एकत्र येतात, तिथेच साखळी जुळते.

जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु’ असेल तर घाई नको. त्याच लेखनिकाने जवळच्या पानांवर पूर्ण लिहिलेला ‘कुणबी’ शोधा, वळण ताडून पाहा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्दही सलग लिहिलेले असतात. वाचन जाणकाराकडूनच करून घ्या. लिप्यंतरासोबत मूळ पानाची प्रमाणित नक्कल जोडा.